खोकं फाटलं, ही तक्रार नव्हे

दसरा उलटला की कल्याणच्या पुढच्या कर्जत मार्गावर पार्सलांचा हंगाम सुरू होतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत संध्याकाळी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेली दुचाकीवरची पोरं गल्ल्या शोधत फिरत असतात. उल्हासनगरात त्यांना कॅम्प, सेक्शन, बॅरक आणि रूम नंबर असा चार पदरी पत्ता सोडवावा लागतो. बदलापूरला कात्रप किंवा बेलवलीत एकाच नावाच्या तीन सोसायट्या निघतात. माल बहुतेक वेळा भिवंडीच्या आसपासच्या गोदामांतून निघालेला असतो. एक-दोन ठिकाणी उतरवला जातो, पुन्हा भरला जातो आणि मग दारात येतो.

त्यातलं एक खोकं गेमिंग कन्सोलचं असतं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून मुलानं स्वतःसाठी घेतलेलं, नाहीतर बाबांनी दहावीच्या निकालाचं कबूल केलेलं. पन्नास हजारांच्या घरातली वस्तू. मागवणारा सकाळच्या लोकलनं मुंबईला गेलेला असतो आणि पार्सल घेते घरातली आई, सासूबाई किंवा खालचा वॉचमन. ओटीपी फोनवरून सांगितला जातो. रात्री मुलगा घरी येतो, खोकं पाहतो, तर कोपरा आत दबलेला, कडेची चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावल्यासारखी. आत कन्सोल आहे, एचडीएमआय केबल आहे, पॉवर केबल आहे, कंट्रोलर मात्र नाही.

पुढच्या अर्ध्या तासात तो जे लिहितो त्यावर त्याचे पैसे बऱ्याच अंशी अवलंबून असतात. आणि बहुतेक जण तिथंच चुकीचं लिहितात.

कोणतं दुःख पुढं ठेवायचं

रागानं लिहिलेल्या पत्राचा नमुना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती. खोकं पूर्ण फाटलेलं आलं. एवढे पैसे घेऊन असली सेवा? कंट्रोलरसुद्धा नाही. ताबडतोब कारवाई करा, नाहीतर कोर्टात खेचेन.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, तरी पत्र कामाचं नाही. सगळ्यांत मोठी बाब, म्हणजे नसलेला कंट्रोलर, त्यात एका ‘सुद्धा’ला लटकली आहे आणि मुख्य जागा फाटक्या खोक्यानं घेतली आहे.

ग्राहक सेवेच्या टेबलावरचा माणूस अशा पत्राला ‘पॅकिंग खराब’ या खान्यात टाकतो. त्या खान्याचं उत्तर तयार असतं: बाहेरच्या वेष्टनाची वाहतुकीत होणारी झीज ही मालातली खराबी धरली जात नाही. तक्रार बंद. आपण पुन्हा लिहितो, तर आधीच्या तिकिटाचा हवाला देऊन तेच उत्तर पुन्हा येतं.

म्हणून पहिली गोष्ट ठरवायची ती ही: फाटलेलं खोकं हा पुरावा आहे, न मिळालेला कंट्रोलर हा दावा आहे. पत्रात दोघांची जागा बदलली की दावा हरवतो.

कायदाही याच बाजूनं उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मालाच्या दर्जातल्या उणिवेसोबत प्रमाणातली, म्हणजे संख्येतली उणीवही धरली आहे. वस्तू बिघडलेली असलीच पाहिजे असं नाही. कमी आली, तरी ती कायद्याच्या भाषेत सदोष आहे. ‘कन्सोल तर चालू आहे ना?’ या प्रश्नाला हे नेमकं उत्तर आहे.

त्यातही कन्सोल खरोखर चालू आहे का, हे कंट्रोलरशिवाय कळतच नाही. प्लेस्टेशन ५ पहिल्यांदा सुरू करताना सोबतचा कंट्रोलर यूएसबी केबलनं जोडून त्याचं बटण दाबावं लागतं. भाषा, इंटरनेट, खातं, सगळं त्यानंतर. जुन्या प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर घरात असला तरी त्यावर प्लेस्टेशन ५ चे खेळ खेळता येत नाहीत. म्हणजे कंट्रोलर ही वरकडीची वस्तू नाही. ती नसेल तर ५५ हजारांचं यंत्र टीव्हीखाली नुसतं पडून राहतं. पत्रात हे एका वाक्यात यायलाच हवं. ‘एक अॅक्सेसरी कमी आहे’ असं लिहिलं, तर समोरचा त्या अॅक्सेसरीची किंमत मोजतो. ‘संच अपुरा आहे आणि वापरता येत नाही’ असं लिहिलं, तर त्याला पूर्ण संचाचा विचार करावा लागतो.

लिहिण्याआधीचा अर्धा तास

पत्र चांगलं व्हायला हवं तर त्यात मांडण्याजोगं काही हाती असलं पाहिजे. आणि ते गोळा करायची वेळ एकदाच येते: खोकं घरात आहे आणि कुणी फारसं हाताळलेलं नाही तोवर.

सुरुवात बाहेरच्या खोक्यापासून. सहाही बाजूंचे फोटो, दबलेला कोपरा जवळून, चिकटपट्टी जवळून. पट्टीखाली कागदाचा पापुद्रा निघालेला दिसत असेल किंवा एकावर एक दोन पट्ट्या असतील, तर तो फोटो सगळ्यांत महत्त्वाचा; वाहतुकीत दबलेलं खोकं आणि उघडून पुन्हा बंद केलेलं खोकं यांतला फरक तिथंच दिसतो. मग कुरियरचं लेबल. त्यावर ट्रॅकिंग क्रमांक असतो आणि बऱ्याचदा वजनही.

नंतर आतलं, कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचं खोकं. इथं दोन जागा पाहायच्या. एक म्हणजे अनुक्रमांक, सीरियल नंबर. तो खोक्यावर असतो आणि यंत्राच्या अंगावरही. दोन्ही जुळले तर यंत्र त्याच खोक्यातलं आहे आणि गेला आहे तो फक्त कंट्रोलर. जुळले नाहीत तर प्रकरण वेगळं: कुणीतरी परत केलेला संच पुन्हा विकला गेला असण्याची शक्यता आहे आणि तसं पत्रात स्पष्ट लिहायला हवं.

दुसरी जागा म्हणजे आयातदाराचं स्टिकर. आपण त्यावरची एमआरपी तेवढी वाचतो. पण वेष्टित वस्तूंसाठी वजनमाप खात्याचे २०११ चे जे नियम आहेत, त्यांनुसार एका वेष्टनात एकाहून अधिक वस्तू असतील तर प्रत्येकीचं नाव आणि संख्या वेष्टनावर लिहावी लागते. म्हणजे ‘या खोक्यात कंट्रोलर असायला हवा होता’ हे सिद्ध करण्यासाठी कंपनीच्या वेबसाइटचं पान शोधत बसायला नको. ते बहुधा खोक्यावरच छापलेलं असतं. त्याचा वाचता येईल असा फोटो घ्यायचा. सोबत विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉटही काढून ठेवायचा, कारण ते पान उद्या बदलू शकतं.

आणि तिसरी गोष्ट, जी फार थोडे जण करतात: वजन. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅम भरतो. एक्सबॉक्सचा बॅटऱ्यांसह जवळपास तेवढाच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हा फरक सहज दिसतो. मिळालेलं सगळं, बाहेरच्या खोक्यासकट, जसं आलं तसं पुन्हा भरायचं, काट्यावर ठेवायचं आणि काट्याचा आकडा व खोक्यावरचं लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढायचा.

हे का करायचं? मोठ्या गोदामांत पार्सलांची वजनं घेतली जातात, कारण वाहतुकीचं भाडं त्यावर ठरतं. गोदामातून निघतानाचं वजन आणि पुढच्या केंद्रावरचं वजन यांत पाव किलोचा फरक असेल, तर कंट्रोलर वाटेत गेला. दोन्हीकडे वजन कमीच असेल, तर तो गोदामातूनच निघाला नव्हता. दोन्हीकडे वजन पूर्ण असेल, तर संशय शेवटच्या टप्प्यावर येतो. या नोंदी कंपनीकडे आहेत, तुमच्याकडे नाहीत. त्या मागता येतात, आणि मागितल्या नाहीत तर कुणी आपणहून दाखवत नाही.

वजनाच्या पुराव्याला एक मर्यादा आहे. लेबलावरचं वजन नेहमी काट्यावरचं नसतं. काही वेळा ते आकारमानावरून काढलेलं असतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं. ४५ × ४० × १५ सेंटिमीटरचं खोकं या हिशेबानं ५.४ किलोचं ठरतं, आत काहीही असलं तरी. कधी कॅटलॉगमधलं ठरावीक वजनच छापतात. त्यामुळे ‘लेबलवर अमुक आणि काट्यावर तमुक, म्हणजे चोरी’ असा निष्कर्ष पत्रात काढू नये. दोन्ही आकडे लिहावेत आणि प्रत्यक्ष घेतलेल्या वजनाच्या नोंदी मागाव्यात. कंपनीला खोट्या तक्रारीही रोज येतात. वस्तू काढून घेऊन ‘मिळालीच नाही’ म्हणणारे लोक असतात. तपासता येईल असा आकडा देणारा ग्राहक त्यांच्यातून लगेच वेगळा दिसतो.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं. पण तो नसेल तर तक्रार करता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. असा व्हिडिओ हवाच, असं कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही. कंपन्या तो मागतात, एवढंच.

पत्र

आता एक प्रकरण समोर ठेवू. ते उदाहरणादाखल रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील नेहमीचा आहे. अंबरनाथ पूर्वेचं घर. कन्सोल प्लेस्टेशन ५ स्लिम, डिस्कवाला. एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हाच्याच किमतीला, ५४,९९० रुपयांना घेतलेला. मागवणारा मुलगा कामावर होता, पार्सल आईनं घेतलं. लेबलवर वजन ४.९ किलो, किराणा दुकानातल्या काट्यावर ४.६ किलो. पत्र असं:

*प्रति,*
*तक्रार निवारण अधिकारी,*
*(संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीचं नाव व पत्ता)*
*प्रत: (बिलावरील विक्रेत्याचं नाव व पत्ता)*

*विषय: ऑर्डर क्र. ______ : संचातील वायरलेस कंट्रोलर न मिळाल्यामुळे संच बदलून मिळणे किंवा पूर्ण रक्कम परत मिळणे.*

*१. मी ३ ऑक्टोबर रोजी वरील ऑर्डर क्रमांकाने एक गेमिंग कन्सोल संच ५४,९९० रुपयांना घेतला. बिल क्र. ______.*

*२. पार्सल ८ ऑक्टोबर रोजी दुपारी १.४० च्या सुमारास माझ्या घरी माझ्या आईने स्वीकारले. मी कामावर होतो. ओटीपी मी फोनवर सांगितला. पार्सल देताना ते उघडून दाखवण्यात आले नाही.*

*३. त्याच रात्री ९ वाजता मी खोके उघडले. त्यात कन्सोल, एचडीएमआय केबल, पॉवर केबल आणि यूएसबी केबल आहे. वायरलेस कंट्रोलर नाही. खोक्यावरील छापील यादीत एक कंट्रोलर नमूद आहे (फोटो १).*

*४. बाहेरच्या खोक्याचा उजवा वरचा कोपरा दबलेला आहे आणि कडेची चिकटपट्टी दुहेरी आहे (फोटो २ ते ५). खोक्यावरील व यंत्रावरील अनुक्रमांक सारखा आहे (फोटो ६, ७). मिळालेल्या सर्व साहित्याचे वजन ४.६ किलो भरले. कुरियरच्या लेबलवर ४.९ किलो आहे (फोटो ८).*

*५. कंट्रोलरशिवाय हे यंत्र पहिल्यांदा सुरूही करता येत नाही. त्यामुळे संच अपुरा व वापरता न येणारा आहे. मी तो स्वीकारत नाही. तो न वापरता, सर्व वेष्टनासह, परत नेण्यासाठी तयार ठेवला आहे.*

*६. मागणी: (अ) याच प्रकारचा पूर्ण, सीलबंद संच, तो नसल्यास (ब) ५४,९९० रुपये मूळ खात्यात परत.*

*७. कृपया पार्सल निघताना व प्रत्येक केंद्रावर घेतलेल्या वजनाच्या नोंदी जपून ठेवाव्यात व मला द्याव्यात. परत नेण्याच्या पावतीवर ‘कंट्रोलर मूळ पार्सलमध्येच नव्हता’ अशी नोंद व्हावी.*

*८. अॅपवरील तक्रार क्र. ______, दिनांक ८ ऑक्टोबर. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण अपेक्षित आहे.*

*नाव, पत्ता, फोन.*

यात रागाचं एकही विशेषण नाही, धमकी नाही. दुसरा परिच्छेद थोडा गैरसोयीचा आहे, कारण ओटीपी आपणच सांगितला हे त्यात कबूल केलं आहे. तरी ते लिहायलाच हवं. कंपनीच्या नोंदीत ‘ओटीपी मिळाला, माल ताब्यात दिला’ असं आहेच. ते आपण लपवलं आणि त्यांनी काढून दाखवलं, तर बाकीचं पत्रही संशयास्पद वाटू लागतं. ओटीपी म्हणजे पार्सल हाती पडल्याची खूण. आतला माल पूर्ण असल्याची ती कबुली नाही. अपवाद तथाकथित ओपन बॉक्स डिलिव्हरीचा. तिथं माल समोर उघडून दाखवल्यावरच ओटीपी घेतला जातो. म्हणून दाराशी असणाऱ्याला एवढं सांगून ठेवावं: खोकं उघडून आतल्या वस्तू मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही.

पाचव्या परिच्छेदातलं ‘मी तो स्वीकारत नाही’ हे वाक्य पत्राचा कणा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार ठरल्यापेक्षा कमी माल दिला तर घेणारा तो नाकारू शकतो. तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असं धरलं जात नाही. नाकारलेला माल स्वतः नेऊन पोचवण्याची जबाबदारीही घेणाऱ्यावर नसते. नाकारल्याचं कळवलं की पुरे. पण त्याच कायद्यानुसार घेणारा मालकासारखा वागला, किंवा वाजवी काळ गप्प बसला, तर त्यानं माल स्वीकारला असं मानलं जातं. मित्राकडून कंट्रोलर मागून आणून दोन रात्री खेळणं, खोकं रद्दीत देणं, पंधरा दिवसांनी लिहायला बसणं, हे सगळं त्या दुसऱ्या पारड्यात पडतं.

सातव्या परिच्छेदातली पावतीची मागणी अनुभवातून शिकण्याजोगी आहे. कंपनी परतावा मंजूर करते, परत न्यायला माणूस येतो, त्याच्या फोनवर तपासणीची यादी असते: यंत्र आहे का, केबल आहे का, कंट्रोलर आहे का. कंट्रोलर नाही म्हटल्यावर तो ‘संच अपूर्ण’ म्हणून नोंद करतो आणि रिकाम्या हातानं निघून जातो. ज्या कारणासाठी परत करायचं, त्याच कारणानं परत घेतलं जात नाही. यावर उपाय एकच: तसं आधीच लेखी कळवलेलं असणं, आणि त्या माणसाला दाखवायला ते पत्र फोनमध्ये हाताशी असणं.

उत्तरं येतात ती तीन प्रकारची

पहिलं उत्तर: ‘आमच्या तपासात पार्सल सुस्थितीत पोचल्याचं आढळलं.’ यावर वाद घालू नये. एकच प्रश्न विचारावा: तपासात कोणत्या केंद्रावरची, प्रत्यक्ष घेतलेली कोणती वजनं पाहिली? सातव्या परिच्छेदाची आठवण द्यावी. ज्या तपासाचा तपशील सांगता येत नाही, तो तपास झाला हे पुढं कुणालाही पटवणं कंपनीला जड जातं.

दुसरं उत्तर: ‘कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला भेटा.’ हा रस्ता आपला नाही. वॉरंटी बिघाडासाठी असते, न मिळालेल्या वस्तूसाठी नाही. करार विक्रेत्याशी झाला आहे. याचाच दुसरा अवतार म्हणजे ‘आम्ही फक्त मंच आहोत, विक्रेता वेगळा’. खरं आहे, बिलावर बऱ्याचदा तिसऱ्याच फर्मचं नाव असतं, म्हणूनच पत्राची प्रत तिला द्यायची. पण मंचालाही हात झटकता येत नाहीत. २३ जुलै २०२० ला निघालेल्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणं, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, विक्रेत्याचा पत्ता ग्राहकाला उपलब्ध करून देणं आणि प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं ही कामं मंचावर टाकली आहेत. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला, त्याचे पैसे द्यायला विक्रेत्यानं नकार देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे.

तिसरं उत्तर सगळ्यांत गोड: ‘झालेल्या त्रासाबद्दल आपल्या खात्यात दोन हजारांचं कूपन जमा करत आहोत.’ सुटा कंट्रोलर बाजारात सहा हजारांच्या आसपास पडतो, त्यामुळे हिशेब उघड आहे. कूपन वापरलं की तक्रार मिटली असं दाखवायला कंपनी मोकळी होते. नको असेल तर त्याच दिवशी लेखी नकार द्यावा. कंपनीनं नवा सीलबंद कंट्रोलर, त्याच्या स्वतंत्र बिलासह, देऊ केला तर मात्र विचार करायला हरकत नाही. अनुक्रमांक जुळत असतील आणि यंत्र सुरू करून पाहिल्यावर नीट चालत असेल, तर तो सगळ्यांत जलद मार्ग ठरतो. फक्त ‘यंत्र तपासल्यानंतरच तक्रार मिटली असे धरावे’ ही ओळ उत्तरात घालायची.

खरेदी हप्त्यांवर असेल तर आणखी एक काळजी. तक्रार चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही. तो चुकला तर बँक दंड लावते आणि पतमानांकनाला धक्का बसतो. हप्ता भरत राहावा, बँकेलाही व्यवहाराबद्दल वाद असल्याचं लेखी कळवावं, आणि परतावा आल्यावर कर्जखातं खरोखर बंद झालं का ते पाहावं.

बदलापूरहून बंगळुरूला जावं लागत नाही

एक महिना गेला, किंवा त्याआधीच स्पष्ट नकार आला, तर पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथं मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलापर्यंत पोचवते. मोठ्या किरकोळ कंपन्यांची प्रकरणं बऱ्याचदा इथंच सुटतात, कारण तक्रार सरकारी नोंदीत आलेली असते. इथंही कामाला येतं ते आपलं पहिलंच पत्र. तेच जसंच्या तसं जोडायचं.

तरी सुटलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावं ठाणे जिल्ह्यातली. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार समोरच्या पक्षाच्या कार्यालयाच्या गावी, नाहीतर घटनेचं कारण जिथं घडलं तिथं करावी लागे, आणि ते गाव कोणतं यावरच आधी वाद होई. २०१९ च्या कायद्यानं ती अडचण दूर केली: तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. अटी-शर्तींच्या बारीक अक्षरांत ‘फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं लिहिलेलं वाचून घाबरायचं कारण नाही.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचं शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या e-jagriti.gov.in या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. सोबत बिल, पत्रव्यवहार, फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. मंच आणि विक्रेता या दोघांना पक्षकार करायचं. मुदत दोन वर्षांची आहे. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. त्यापुढं एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला स्पष्ट केलं आहे. आयोग मुख्यतः कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्रं पाहून निकाल देतो, म्हणून सुरुवातीला लिहिलेल्या त्या एका पत्राला एवढं वजन.

या रस्त्यालाही मर्यादा आहेत. कायद्यानं साधारण तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात तारखा पुढं पुढं जातात आणि वर्ष सहज उलटतं. मानसिक त्रासाची भरपाई मागता येते, पण ती लाखांत मिळेल असं समजू नये. बहुतेक वेळा वस्तूची किंमत, त्यावर व्याज, आणि त्रास व खर्चापोटी काही हजार. सहा हजारांच्या कंट्रोलरसाठी वर्षभर थांबायचं का, हा प्रश्न ज्यानं त्यानं सोडवायचा. पण ५५ हजारांचा संच बंद पडून असेल, तर उत्तर सोपं आहे.

दुकानदार समोर नसतो तेव्हा

उल्हासनगर हे तसं खरेदीचंच गाव. १९४९ मध्ये फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं आणि तिथल्या बाजारानं आसपासच्या गावांना सगळं काही विकलं. नेहरू चौकाकडच्या दुकानातून टीव्ही घेताना दुकानदार गिऱ्हाइकासमोर खोकं फोडतो, रिमोट हातात देतो, सेल घालून चालवून दाखवतो, मगच बिलावर शिक्का मारतो. तिथं हे पत्र लागत नाही, कारण मोजणी देणाऱ्या-घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. घरपोच खरेदीत ती मोजणी गळाली आणि तिची जागा एका सहा आकडी ओटीपीनं घेतली. किंमत कमी पडते, माल दारात येतो, हे फायदे खरेच आहेत. पण मोजणीचं काम संपलेलं नाही. ते दुकानदाराकडून आपल्याकडे आलं आहे.

तेव्हा या दिवाळीत घरात असं खोकं येणार असेल, तर तीन गोष्टी करा. पार्सल घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा. खोकं त्याच दिवशी उघडा, आणि काही कमी निघालं तर यंत्र चालू न करता फोटो आणि वजन घ्या. आणि पत्र त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं पाठवा. विषयाच्या ओळीत फाटलेलं खोकं लिहू नका, न मिळालेली वस्तू लिहा.